माय विसरते: वयामुळे की आजारामुळे?

नरडाणा आणि आजूबाजूच्या गावांमधल्या बचत गटांचं काम पाहणाऱ्या आम्ही ताया आज तुमच्याशी बोलतोय. आज हप्ता, कर्ज, व्याज यांचा विषय नाही. आज बोलायचं आहे घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्याबद्दल. सुरुवात आमच्याकडून झालेल्या एका चुकीपासून करतो.

गेल्या वर्षी आमच्या एका गटाच्या बैठकीत एक सून रडत आली. तिच्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या. गल्लीभर त्या सांगत फिरत होत्या की सुनेनं माझ्या डब्यातले पैसे चोरले. आम्ही सगळ्या बसलो आणि न्याय करायला लागलो. कुणी म्हणालं, म्हातारं माणूस खोटं कशाला बोलेल? कुणी सुनेला म्हणालं, जाऊ दे ना, देऊन टाक आणि मिटव. आम्ही समन्वयक ताईसुद्धा तेच म्हणालो. बिचारी खाली मान घालून घरी गेली. दोन-तीन महिन्यांनी दादरच्या कोठीत तळाशी, जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेले तेच पैसे सापडले. सासूबाईंनीच ते ठेवले होते. पण सापडल्यावरही त्या म्हणाल्या, "हिनंच आता आणून ठेवले."

तेव्हा आमच्या लक्षात आलं की हे भांडण नव्हतं, हा आजार होता. सून आम्हाला आणखीही काही सांगत होती, ते आम्ही कानावर घेतलंच नव्हतं. जेवून अर्धा तास झाला की त्या पुन्हा ताट मागायच्या, म्हणायच्या, मला सकाळपासून कुणी खायला दिलं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आखाजीला त्या खापरावर मांडे करायला बसल्या आणि मधेच थांबल्या. पन्नास वर्षं मांडे केलेला हात. पीठ भिजवलेलं, पुरण वाटलेलं, खापर तापलेलं, आणि पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना. सुनेनं हातातून उंडा घेतला तेव्हा चिडल्या, "मना हातनं काम तू काढी लेस का?" घरच्यांना वाटलं, म्हातारपणी चिडचिड वाढली.

त्याच गटात आणखी दोघीजणी आहेत. त्यांचीही गोष्ट सांगतो. तिघींचं विसरणं शेजारी ठेवलं की फरक आपोआप कळतो.

दुसऱ्या काकू चौसष्ट वर्षांच्या. त्या एकदा आमच्याकडे घाबरून आल्या. म्हणाल्या, "ताई, मला वेड लागतंय. काल भाचीचं नाव तोंडावर येईना. चष्मा डोक्यावर असून घरभर शोधला. खोलीत गेले आणि कशाला आले तेच आठवेना." आम्ही विचारलं, मग भाचीचं नाव आठवलं का? म्हणाल्या, हो, रात्री भांडी घासताना आपोआप आठवलं. चष्मा हरवला तेव्हा काय केलं? म्हणाल्या, सकाळपासून कुठे कुठे गेले ते एकेक आठवत मागे गेले. गटाचा हप्ता, दुधाचा हिशोब, नातीच्या लग्नाची खरेदी, सगळं त्याच बघतात आणि बरोबर बघतात.

हे वयाचं विसरणं. आपलं डोकं म्हणजे धान्याची कोठी समजा. वय वाढलं की कोठीतून धान्य काढायला वेळ लागतो, पण धान्य आत असतं. कुणी आठवण करून दिली, पहिलं अक्षर सांगितलं की "हां हां" म्हणून ते बाहेर येतं. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, त्यात बहुतेकदा उलटं होतं. नवीन धान्य कोठीत पडतच नाही. सकाळी झालेली गोष्ट आत साठलीच नसेल, तर कितीही आठवण करून द्या, "असं काही झालंच नाही" असंच उत्तर येतं. जुनं धान्य मात्र खूप दिवस टिकतं. म्हणून आजी लग्नातल्या गमती जशाच्या तशा सांगते, आणि आपण म्हणतो, हिची स्मरणशक्ती तर माझ्यापेक्षा चांगली! तिथेच आपण फसतो. जुनं आठवतं म्हणजे सगळं ठीक आहे असं नसतं. कालचं आठवतं का, ते बघायला हवं.

पैशांचंही आता समजून घ्या. सासूबाईंनी पैसे जपून ठेवण्यासाठी जागा बदलली. जागा बदलल्याची गोष्ट आत साठली नाही. डबा उघडला तर रिकामा. मग मन त्या रिकाम्या जागेत काहीतरी कारण भरतं, कुणीतरी घेतले. आणि संशय कुणावर येतो? जी सून दिवसभर जवळ असते, तिच्यावर. हा खोटेपणा नाही आणि खाष्टपणाही नाही. त्यांच्यापुरतं ते खरंच घडलेलं असतं. म्हणून वाद घालून, शपथा घेऊन काही उपयोग होत नाही. "चला, आपण दोघी मिळून शोधू" असं म्हणणं जास्त कामाला येतं.

आता तिसऱ्या मावशी. वय एकसष्ट. माळकरी, मांस-मच्छी, अंडी कधी नाही, दूधही फारसं आवडत नाही. आठ-नऊ वर्षांपासून शुगरची गोळी चालू. वर्षभरात त्या मंद झाल्या. प्रश्न विचारला की उत्तराला वेळ लागायचा, बैठकीत एकच गोष्ट दोनदा विचारायच्या, नोटा मोजताना चुकायच्या, आणि गप्प गप्प राहायच्या. शिवाय तळपायांना मुंग्या, चालताना तोल गेल्यासारखं. घरच्यांनी आधी एका दवाखान्यात दाखवलं, तिथे "वय झालं आता" एवढंच सांगून शक्तीच्या गोळ्या दिल्या. पण एकसष्ट हे काही एवढं वय नाही. आमच्या आशाताईला पायांच्या मुंग्या खटकल्या. तिनं पुन्हा तपासायला पाठवलं. रक्त तपासलं तेव्हा बी-12 हे जीवनसत्त्व फार कमी निघालं.

बी-12 आपल्याला मिळतं ते मांस, मासे, अंडी आणि दूध-दह्यातून. भाजी-भाकरीतून ते जवळजवळ मिळत नाही. शुगरची मेटफॉर्मिन नावाची गोळी बरीच वर्षं घेतली तर काहींच्या अंगात ते आणखी कमी होतं. ते कमी झालं की नसांवर आणि मेंदूवर परिणाम होतो. मावशींना इंजेक्शनं सुरू झाली. काही महिन्यांत त्या पुन्हा बैठकीत बोलायला लागल्या, हिशोब जमायला लागला. मुंग्या थोड्या राहिल्या, कारण उशीर झाला होता. आणि एक लक्षात ठेवा, हे ऐकून कुणी शुगरची गोळी मनानं बंद करायची नाही. डॉक्टरांना विचारायचं, बी-12 तपासायचं का, एवढंच.

म्हणजे तिघी विसरत होत्या. एकीचं वयाचं होतं. एकीचा डिमेन्शिया होता. एकीचं दुखणं औषधानं सुधारणारं होतं. आणि बाहेरून बघणाऱ्याला तिघीही सारख्याच, "म्हातारपणी होतंच."

विसरणं वाढवणारी, पण उपाय असलेली कारणं आणखीही आहेत. थायरॉईड कमी असणं. नवरा किंवा मुलगा गेल्यानंतर मनाला येणारी उदासी; त्यात माणूस काही नीट ऐकतच नाही, म्हणून लक्षात राहत नाही. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या काही गोळ्या. दुकानातून आणून रोज घेतल्या तर म्हाताऱ्या माणसाला गुंगी आणि गोंधळ येतो. आणि सगळ्यात साधं, कानाला कमी ऐकू येणं. ऐकलंच नाही तर आठवणार काय? म्हणूनच तपासणी करायची. आधी ही सुधारणारी कारणं शोधायची असतात. डिमेन्शिया आहे का, ते त्यानंतर ठरतं.

आता प्रश्न येतो, आपण ओळखायचं कसं? शहरातल्या दवाखान्यात कागदावर घड्याळ काढायला सांगतात, वाक्य लिहायला सांगतात, आजची तारीख विचारतात. आपली माय शाळेत गेली नाही, तिला इंग्रजी तारीख आयुष्यात कधी लागली नाही. तिला तिथी आणि बाजाराचा वार माहीत. तिला तारीख सांगता आली नाही म्हणजे ती आजारी नव्हे. ही अडचण आपल्या देशातल्या डॉक्टरांच्याही लक्षात आली होती. 1990 च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये त्यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळे प्रश्न तयार केले. त्यातले काही प्रश्न म्हाताऱ्या माणसाला नाही, तर घरच्यांना विचारायचे होते, आणि ते रोजच्या जगण्याबद्दलचे होते. जेवल्याचं विसरतात का? गावात वाट चुकतात का? कपडे उलटेसुलटे घालतात का? होळी-दिवाळीसारखे सण लक्षात राहतात का? घरातल्या मोठ्या गोष्टींत, लग्नकार्यात, मत देतात का?

हेच आपण आपल्या खान्देशी घरात आणून बघू. माय पहिल्यासारखी कानबाईची तयारी सांगते का, की रोट कधी, नारळ कधी, हे तिलाच विचारावं लागतं आणि तिला सांगता येत नाही? भाकरी थापते, पण पीठ मळून ठेवलेलं विसरून पुन्हा मळायला घेते का? भरतासाठी वांगं चुलीवर ठेवून ते कोळसा होईपर्यंत तशीच बसते का? एखाद्या वेळी दूध उतू जाणं आपल्या सगळ्यांचंच होतं. तसं नव्हे, तेच पुन्हा पुन्हा होतं का, आणि जळाल्यावर "मी ठेवलंच नव्हतं" असं म्हणते का? बाजारात शंभरची नोट देऊन उरलेले पैसे घ्यायचे असतात, ते पहिलं यायचं आणि आता गोंधळ होतो का? शेतातून घरी यायची रोजची वाट चुकली का? तोच प्रश्न तासाभरात चार-पाच वेळा, आधी विचारलाच नाही अशा चेहऱ्यानं विचारते का? बोलताना साध्या वस्तूंचे शब्द सापडत नाहीत म्हणून "ते, ते" असं म्हणते का? जी बाई सगळ्या गल्लीत मिसळायची ती घरातल्या कोपऱ्यात बसून राहते का?

यात एक माप लक्षात ठेवा. शेजारच्या आजीशी तुलना करायची नाही. मायची तुलना मायशीच करायची, दोन वर्षांपूर्वीच्या मायशी. जिला हिशोब कधीच येत नव्हता, तिला आज येत नसेल तर काळजी नाही. जी अख्ख्या भाऊबंदकीचा हिशोब तोंडावर ठेवायची, ती आज दहाच्या नोटा मोजताना अडकते, तर काळजी आहे. सहा महिने-वर्षभरात असं हळूहळू वाढत गेलं असेल आणि त्यामुळे तिची रोजची कामं अडत असतील, तर दाखवायलाच हवं.

आणखी एक खूण. चौसष्टच्या काकू स्वतः घाबरून आल्या होत्या. आपण विसरतो हे ज्याला स्वतःला कळतं, ते सांगता येतं, उदाहरणंही देता येतात, त्याचं बहुतेकदा साधं असतं. डिमेन्शियात बऱ्याचदा माणूस म्हणतो, मला काही झालं नाही, आणि घरचे म्हणतात, झालंय. अर्थात हा पक्का नियम नाही. सुरुवातीला काहींना स्वतःलाही जाणवतं. म्हणून जिला स्वतःला काळजी वाटते, तिलाही हसण्यावारी न्यायचं नाही.

आता आशाताईच्या फॉर्मबद्दल. तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म ती भरते, त्यात बीपी, शुगर, तंबाखू असे प्रश्न असतात. त्याच फॉर्ममध्ये साठीपुढच्या माणसांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा घराचा पत्ता विसरता का? प्रश्न चांगला आहे, पण त्याला मर्यादा आहे. लेकरांची नावं विसरणं ही बरीच पुढची पायरी आहे. सुरुवातीला माय सगळ्यांची नावं बरोबर सांगते, आणि "विसरता का?" असं तिलाच विचारलं तर "नही वं, मना ध्यानमा सगळं ऱ्हास" असंच म्हणते. म्हणून फॉर्म भरताना सुनेनं किंवा लेकीनं जवळ बसायचं आणि नंतर आशाताईला बाजूला घेऊन, मायचा अपमान होणार नाही असं, घरातल्या घडलेल्या गोष्टी सांगायच्या.

दवाखान्यात जाताना काय न्यायचं, तेही सांगतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. दुकानातून आणलेल्या आणि वैदूकडच्यासुद्धा. चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर लावून न्या. एका कागदावर पाच-सहा गोष्टी लिहून न्या: काय झालं, कधीपासून, महिन्यातून किती वेळा. "विसरते" एवढंच सांगितलं तर उत्तर "वय झालं" असंच येतं. "आखाजीपासून तीन वेळा वाट चुकली" असं सांगितलं तर डॉक्टर थांबून ऐकतात. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्या. आणि जी दिवसभर मायजवळ असते तिनं सोबत जा. मुलगा गाडी चालवून नेतो, पण मायनं ताट दोनदा मागितलं ते सुनेनंच पाहिलेलं असतं. सुनेला बाहेर बसवू नका.

आधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथून पुढे गरज पडली तर धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे भाऊसाहेब हिरे कॉलेजच्या रुग्णालयात मनोविकार विभाग किंवा मेडिसिन विभागात जाता येतं. "मनोविकार" हे नाव ऐकून घाबरू नका. माय वेडी आहे असा त्याचा अर्थ नाही. ते बोलून तपासतात, रक्त तपासायला सांगतात, गरज वाटली तर डोक्याचा स्कॅन काढतात. फोनवर सल्ला हवा असेल तर 14416 हा टेली-मानसचा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलतात. म्हाताऱ्या माणसांच्या अडचणींसाठी 14567 हा नंबर आहे.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. डिमेन्शिया महिन्यांनी आणि वर्षांनी वाढतो. जी माय काल नीट होती आणि आज एकाएकी बडबडायला लागली, माणसं ओळखेना, दिवसा झोपून रात्री उठून पळायला लागली, तिचं दुखणं वेगळं आहे. लघवीतला जंतुसंसर्ग, ताप, शुगर एकदम उतरणं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी आणि क्षार कमी होणं, यानं असं होतं. तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला तर तो झटका असू शकतो. आणि पडून डोक्याला मार लागल्यावर दोन-तीन आठवड्यांनी गोंधळ, डोकेदुखी, सुस्ती सुरू झाली तर आत रक्त साकळलेलं असू शकतं. यात बाहेरचं बघायला, उतारा टाकायला थांबू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. 108 ला फोन लावा.

आमच्या त्या बहात्तरच्या सासूबाईंचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. धुळ्याला तपासणी झाली. रक्तात सुधारण्यासारखं कारण मिळालं नाही. डिमेन्शिया असल्याचं सांगितलं. डॉक्टरांनी खोटी आशा दिली नाही. हा आजार पूर्ण बरा करणारं औषध नाही. एक गोळी सुरू केली, तिनं काहींना काही काळ थोडी मदत होते. बीपी आणि शुगर सांभाळायला सांगितलं. बाकी सगळं घरातलं. पैसे ठेवायची एकच जागा, एकच लाल डबा, त्यात थोडीशीच रक्कम. गॅसची शेगडी एकटीनं पेटवू द्यायची नाही, पण पुरण वाटायला, लसूण सोलायला सोबत बसवायचं. जेवण झालं की रिकामं ताट थोडा वेळ समोरच ठेवायचं, म्हणजे त्यांना दिसतं. बाहेर जाताना गळ्यात घरच्या फोन नंबरचा बिल्ला.

2023 मध्ये देशभरातल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे आले. साठीपुढच्या शंभर माणसांत साधारण सात जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज त्यात आहे, पुरुषांपेक्षा बायकांमध्ये आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हणजे प्रत्येक गावात अशी माय आहे, आणि तिच्यामागे चोर ठरलेली एखादी सूनही असेल.

आम्ही त्या सुनेची गटाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, माफीचं राहू द्या. महिन्यातून एक दुपार कुणीतरी मायजवळ बसा, म्हणजे मला माहेरी जाऊन येता येईल." आता गटातल्या चौघींनी पाळी लावून घेतली आहे. परवा आमची पाळी होती. मायनं आम्हाला सहा वेळा विचारलं, "तू कोन शे वं?" आम्ही सहा वेळा नाव सांगितलं.